लॅबची किल्ली आणि पाव मिली औषध : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

मी पशुवैद्यकाची पदवी घेऊन यंदाच बाहेर पडलेली डॉक्टर आहे आणि एका धर्मादाय प्राणी रुग्णालयात काम करते. रात्रपाळीच्या आपत्कालीन कक्षात मी पहिल्यांदा एकटी होते, त्या रात्रीची हकिगत आपल्याला सांगावी, या एकाच हेतूने हे पत्र लिहीत आहे. त्या रात्री जे अडले त्यात अवघड किंवा महागडे असे काहीच नव्हते आणि ते दूर करणे आपल्या खात्याच्या हातात आहे, असे मला मनापासून वाटते.

रात्री ११.४० वाजता एका सोसायटीचे वॉचमन काका शर्टाच्या आत काहीतरी धरून आले. टेबलावर ठेवल्यावर दिसले ते सुमारे पाच आठवड्यांचे, १.२ किलो वजनाचे गावठी मादी पिल्लू होते. मान टाकलेली, डोळे अर्धवट उघडे आणि अंग गार पडलेले. "मॅडम, सकाळपर्यंत आईला पीत होती. हिची दोन भावंडं याच आठवड्यात गेली," एवढेच ते म्हणाले. थर्मामीटरने ९४.८ अंश फॅरनहाइट दाखवले, जिथे निरोगी पिल्लाचे तापमान १०१ च्या पुढे असते. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या आणि हृदयाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या वर होते.

पांढरी हिरडी दोन अगदी वेगळ्या कारणांनी दिसते. एकात शरीरातले पाणी उलटी-जुलाबाने निघून गेलेले असते आणि उरलेले रक्त हृदय-मेंदूकडे वळल्यामुळे हिरडीपर्यंत पोहोचत नाही. दुसऱ्यात रक्तच उरलेले नसते. पार्व्हो या उलटी-जुलाबाच्या विषाणूजन्य आजाराच्या साथीत आम्ही पहिले कारण रोज बघतो, त्यामुळे माझे मन आपोआप तिकडे धावले. पुढच्या पायाची शीर दोनदा शोधूनही मिळाली नाही, तेव्हा २० नंबरची सुई मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातून थेट मज्जेत घातली. एवढ्या लहान पिल्लाचे हाड मऊ असते, सुई सहज आत जाते आणि नीट बसली की पाय हलवल्यावर पायाबरोबरच हलते. ती तशी हलली. मग कोमट केलेले रिंगर लॅक्टेट १२ मिली, म्हणजे किलोमागे १० मिली, पंधरा मिनिटांत दिले.

पाण्याची तूट असती तर एवढ्याने हिरडीला थोडा तरी रंग यायला हवा होता. इथे हिरडी होती त्याहून फिकी झाली. ग्लुकोमीटरने साखर ७१ दाखवली होती आणि ते बघून मला हायसे वाटले होते, पण ते समाधानही खोटे होते. रक्तातल्या लाल पेशी फार कमी असल्या की हे छोटे यंत्र साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवते. हे आम्हाला शिकवलेले असते, पण पहिल्या रात्री समोर आकडा दिसला की शिकवलेले आठवायला वेळ लागतो. मला शंका आली ती सुईच्या तोंडाशी गॉजवर पडलेल्या थेंबामुळे. रक्ताचा थेंब गॉजवर गडद डाग धरून बसतो, हा थेंब कोकमाच्या सरबतासारखा पसरला आणि कडेला फक्त गुलाबी रेघ उरली.

आता एकच तपासणी हवी होती, पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के आहे ते बघणे. काडीएवढ्या काचेच्या नळीत दोन-तीन थेंब घ्यायचे, एक टोक मेणाने बंद करायचे, छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटे फिरवायचे आणि तळाशी बसलेल्या लाल थराची उंची पट्टीवर मोजायची. यंत्र आमच्याकडे होते, पण ते लॅबमध्ये होते आणि लॅब रात्री बंद असते. किल्ली लॅब सांभाळणाऱ्या माणसाच्या घरी होती. आमचे रात्रीचे परिचर मामा दुचाकीवरून ती आणायला गेले आणि ५० मिनिटांनी परत आले. तेवढा वेळ मी कोमट सलाईनच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिल्लाच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या, २५ टक्के डेक्स्ट्रोज १ मिली तेवढ्याच सलाईनमध्ये मिसळून सावकाश दिले आणि आणखी सलाईन देण्याचा हात आवरला. रक्त आधीच पातळ असताना वरून पाणी ओतले की प्राणवायू वाहणाऱ्या पेशी आणखी विरळ होतात. पण संशय खरा की खोटा हे कळल्याशिवाय रक्त देण्याचा निर्णय घेता येत नव्हता.

नळी फिरवून बाहेर काढली तेव्हा तळाशी लाल रंगाची जेमतेम एक पट्टी होती. नऊ टक्के. या वयाच्या पिल्लात साधारण तीसच्या आसपास असायला हवे. वरचा पातळ भाग पिवळा नव्हता, पाण्यासारखा स्वच्छ होता, म्हणजे रक्त आतल्या आत फुटत नव्हते, कुठेतरी गळत होते. थर्मामीटरला लागलेली शी डांबरासारखी काळी होती. तिचा कण काचपट्टीवर घेतला तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पातळ कवचाची, आत चार-आठ पेशींचा गोळा असलेली लांबट अंडी एकामागून एक दिसली. अंकुशकृमी, ज्याला आम्ही हुकवर्म म्हणतो.

या जंताच्या अळ्या कुत्रीच्या स्नायूंमध्ये महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात आणि पिल्ले झाल्यावर दुधातून त्यांच्या पोटात जातात. तिथे त्या मोठ्या होतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. एक कृमी दिवसाला ०.१ मिलीपर्यंत रक्त काढू शकतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण १.२ किलोच्या पिल्लाच्या अंगात सगळे मिळून जेमतेम १०० मिली रक्त असते, त्यामुळे पोटात १०० कृमी असले तर दिवसाला दहावा हिस्सा जातो. आणि अळ्या वाढून अंडी घालायला लागण्याआधीच पुष्कळ पिल्ले मरतात, म्हणून शी तपासून काही सापडले नाही तरी जंत नाहीत असे म्हणता येत नाही. आधी गेलेली दोन भावंडे याच कारणाने गेली असावीत, असे मला वाटते.

उपाय रक्ताचा होता आणि रक्त आमच्याकडे नव्हते. मामांनी जवळच राहणाऱ्या एका कुटुंबाला फोन केला, ज्यांचा चार वर्षांचा, ३२ किलोचा लॅब्रेडॉर लसीसाठी आमच्याकडे येतो. रात्रीचा एक वाजून गेला होता, तरी ती माणसे त्याला घेऊन पाऊण तासात आली. कुत्र्यांच्या बाबतीत एक गोष्ट सोयीची आहे. ज्याला आधी कधी रक्त दिलेले नाही, त्याला पहिल्या वेळी बहुधा जुळणीशिवाय देता येते, कारण माणसांसारखी दुसऱ्या गटाविरुद्धची तयार प्रतिपिंडे त्यांच्यात सहसा त्रासदायक प्रमाणात नसतात. तरी दात्याचा पीसीव्ही बघितला, तो ४४ आला. गोचीड तापाचे परजीवी आहेत का हे काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताचा थर, म्हणजे स्मिअर, रंगवून तपासले, काही दिसले नाही. स्मिअरमध्ये न दिसणारा संसर्गही असू शकतो हे मला ठाऊक होते, पण नऊ टक्क्यांपुढे ती जोखीम मी पत्करली.

किती द्यायचे याचा हिशेब सोपा आहे. किलोमागे २ मिली पूर्ण रक्त दिले की पीसीव्ही साधारण एक टक्का चढतो. मला दहा टक्के चढवायचे होते, म्हणून किलोमागे २० मिली, एकूण २४ मिली. रक्त गोठू नये यासाठी सीपीडीए ३ मिली आणि मानेच्या शिरेतून काढलेले रक्त २१ मिली. सीपीडीए मात्र त्याच लॅबच्या फ्रिजमध्ये, माणसांच्या रक्तपिशवीत भरलेले होते. ते सुईने काढून घ्यावे लागले. किल्ली आली नसती तर तेही मिळाले नसते.

सव्वादोन वाजता सुरू केले. पहिल्या वीस मिनिटांत फक्त १ मिली, कारण उलटी, अंगावर गांधी किंवा अचानक ताप अशी प्रतिक्रिया यायची असेल तर बहुतेकदा त्याच वेळात येते. सिरिंज पंप नव्हता, म्हणून पुढचे रक्त जाळीच्या गाळणीतून दर पाच मिनिटांना १ मिली असे हाताने ढकलत गेले. काका बाकावर बसून मोबाइलवर वेळ सांगत होते. साडेतीनच्या सुमारास तिने जीभ बाहेर काढली आणि तिच्या टोकाला फिकट गुलाबी रंग दिसला. साडेपाचला तापमान ९९.६ होते आणि पीसीव्ही १७. गिळता येते आहे याची खात्री झाल्यावर तिला पायरँटेल हे जंतनाशक सिरप दिले, किलोमागे १० मिलिग्रॅमप्रमाणे १२ मिलिग्रॅम, म्हणजे पाव मिलीपेक्षाही किंचित कमी.

महोदय, त्या पाव मिलीबद्दल आणि त्या किल्लीबद्दल मला आपल्याकडे मागणे मांडायचे आहे. पिल्लांना जंतनाशक दुसऱ्या आठवड्यापासून द्यायचे असते आणि दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत परत द्यायचे असते, कारण हे औषध आतड्यातले जंत मारते, पण दुधातून नव्याने येणाऱ्या अळ्यांना थोपवत नाही. आईलाही त्याच दिवशी द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पकडलेल्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करण्याबरोबर त्यांना जंतनाशक देण्याचेही सांगितले आहे. पण दूधपित्या पिल्लांपर्यंत तो डोस या मार्गाने पोहोचत नाही आणि त्यांचे मरण तर पहिल्या सहा आठवड्यांतच असते. जो वॉचमन किंवा जी शाळकरी मुलगी गल्लीतली पिल्ले टोपलीत घालून आणेल, तिला आपल्या खात्याच्या प्रत्येक दवाखान्यात केसपेपरचे शुल्क न घेता हा डोस मिळावा आणि पुढची तारीख लिहून मिळावी, असा स्पष्ट आदेश आपण काढावा.

आणि जिथे रात्री प्राणी तपासले जातात, मग ती जिल्ह्याची सर्वचिकित्सालये असोत किंवा अनुदान घेणाऱ्या संस्था, तिथे पीसीव्हीचे सेंट्रिफ्यूज, नळ्या, सूक्ष्मदर्शक आणि सीपीडीए हे लॅबमध्ये नव्हे तर आपत्कालीन टेबलाजवळ असावे, आणि भिंतीवर पाच-सहा दात्या कुत्र्यांच्या मालकांचे फोन नंबर असावेत. मामांना तो नंबर पाठ होता म्हणून ती जगली. मामा निवृत्त झाले की तो नंबरही त्यांच्याबरोबर जाईल.

पाळी संपल्यावर मी सिरपची बाटली घेऊन काकांबरोबर त्यांच्या सोसायटीत गेले. जिन्याखाली आई आणि आणखी दोन पिल्ले होती. एकाची हिरडी ठीक होती, दुसऱ्याची फिकी होती, पण ते उभे राहत होते. तिघांनाही डोस दिला. पुढची तारीख काकांनी गेटवरच्या नोंदवहीत, आल्या-गेल्या गाड्यांच्या नंबरांखाली, लाल पेनाने लिहून ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक पशुवैद्यक