अर्ध्या टाकलेल्या कपांचे आभार

नमस्कार वाईकर मंडळी,

नारळ फुटला, पेढे वाटून झाले. आता कॉफी येईपर्यंत थोडं बोलते. तिला वेळ लागणार आहे, आणि का लागणार ते ओघात येईलच.

पहिले आभार मामाचे. कॅफे म्हटल्यावर एस्प्रेसो मशीन हवंच, असं मला जो तो सांगत होता. पसरणी घाटाने पाचगणीला जाणारे लोक तेच मागणार म्हणे. मामा इलेक्ट्रिशियन. त्याने मशीनच्या माहितीतला एकच आकडा बघितला: साडेतीन किलोवॅट. फ्रीज, मिक्सर आणि हे एकत्र चालवायचं तर मंजूर लोड वाढवावा लागेल, आणि लाइट गेली की तुझं मशीन शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीचं, असं म्हणून त्याने विषय संपवला. म्हणून आपल्याकडे पितळी फिल्टर आहेत. त्यांना गॅसवर तापवलेलं पाणी पुरतं, बाकी काम वजनाने आपोआप होतं.

पण फिल्टर आणला म्हणजे कॉफी आली असं नाही. ती शिकवली शेजारच्या अम्मांनी. त्या मूळच्या कुंभकोणमच्या, लग्न होऊन वाईला आल्या त्याला आता जन्म लोटला. साठ ग्रॅम पावडर, त्यात ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरी. वरच्या डब्यात घालून दांड्याच्या चकतीने हलकेच दाबायची. मग उकळी बसू दिलेलं पाणी, तीनशे मिली, गोल फिरवत ओतायचं आणि झाकण घालून बाजूला व्हायचं. पावडर स्वतःच्या दुप्पट पाणी पिऊन बसते, म्हणून खाली एकशेऐंशी मिलीच्या आसपास डिकॉक्शन मिळतं. कपाला तीस मिली धरलं तर सहा कप. उतरायला पंधरा-वीस मिनिटं. पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर पावडर जाड आहे किंवा नीट दाबलेली नाही. अर्ध्या तासानेही थेंब अडत असेल तर फार बारीक दळली आहे किंवा जोर लावून ठासली आहे. माझ्या हातून दोन्ही प्रकार होत तेव्हा अम्मा काही बोलत नसत, नुसती चकती काढून माझ्या हातात देत.

आता खरे आभार तुमचे. पाटी लागायच्या आधी, मागच्या पडवीत बसून ज्यांनी चाखायची कॉफी प्यायली त्यांचे. घाटावरून फिरून येणारे आजोबा, स्टँडवरचे रिक्षावाले दादा, कॉलेजची मुलं. आपल्याकडे पाहुणचाराला नाव ठेवत नाहीत, त्यामुळे विचारलं की सगळे "छान आहे" म्हणायचे. कप धुणाऱ्या मावशींनी मात्र मला बेसिनपाशी बोलावलं आणि म्हणाल्या, बघ, निम्मी उरलीय. त्या दिवसापासून मी तोंडी अभिप्राय घेणं सोडलं आणि कप बघायला लागले. मोठ्या माणसांच्या कपात उरत होती, मुलांच्या कपात नाही. शेवटी रिक्षावाल्या दादांनीच सांगितलं: "ताई, कॉफी मागितली, तुम्ही खीर देताय."

म्हशीचं घट्ट दूध, त्यात ते मंद आचेवर तासभर आटत राहायचं. सायीच्या जाडपणाखाली डिकॉक्शनचा कडवटपणा दबून जायचा. मग निम्मं गाईचं दूध मिसळलं, छोट्या पातेल्यात थोडं थोडं तापवायला लागले आणि एक उकळी आली की उतरवायचं ठरवलं. तीस मिली डिकॉक्शनला नव्वद मिली दूध. आता कप रिकामे येतात. साखरेचा वाद मिटलेला नाही. ती वेगळी मिळेल, भांडायचं असेल तर मावशींशी भांडा.

घरच्यांचं थोडक्यात. वाड्याची पुढची ओसरी अण्णांनी भाड्याशिवाय दिली, पण सकाळच्या पेपरसाठी खिडकीजवळची खुर्ची त्यांची, हे लेखी घेतलंय. आईने पहिल्या महिन्याच्या दुधाचे पैसे भरले आणि कुणाला सांगू नको म्हणाली, म्हणून माईकवर सांगते आहे. कपाची किंमत तीस रुपये वहिनीने ठरवली. मी वीस म्हणत होते. तिने दूध, पावडर, गॅस, मावशींचा पगार आणि फुटणारे कप एका वहीत लिहून दाखवले, त्यावर मी गप्प बसले.

सकाळी साडेसहाला दार उघडेल. मी पाचलाच फिल्टर लावते, त्यामुळे पहिल्या फेरीला थांबावं लागणार नाही. त्यानंतर पाटीवर "उतरतेय" असं दिसलं तर वीस मिनिटं धरून चाला, तोवर पोहे आहेत. आज पहिला कप अम्मांचा. दुसरा रिक्षावाल्या दादांचा, आणि तो संपवला की नाही हे मी बघणार आहे.