बाबांच्या किडनीच्या नव्या डॉक्टरांना लिहिलेलं पत्र

प्रिय आई-बाबा,

आधी सांगून टाकते, म्हणजे मन मोकळं होईल. येत्या गुरुवारी सकाळची नव्या नेफ्रॉलॉजिस्टची वेळ मी घेतली आहे, आणि त्यांना द्यायचं पत्रही बाबांच्या नावाने लिहून ठेवलं आहे. तुम्हाला न विचारता केलं, रागावू नका. आपल्या डॉक्टरांवर अविश्वास म्हणून मुळीच नाही. पण डायलिसिससाठी हातात फिस्टुला करून घ्या असं त्यांनी सांगितल्यापासून आईचा फोनवरचा आवाज मला ऐकवत नाही. त्या दिवशी त्यांच्यापुढे एकच रिपोर्ट होता, जूनचा, किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन 2.6. मागचे रिपोर्ट आपणच नेले नव्हते.

परवा सगळी फाइल जमिनीवर पसरून बसले. बाबा, माझ्या लसींच्या कार्डामागे तुम्ही पेन्सिलने तारखा लिहायचात ना, तशाच प्रत्येक रिपोर्टमागे लिहिल्या आहेत. त्या बघून थोडी रडले, मग त्याच क्रमाने आकडे मांडले. 2021 मध्ये 1.3, 2023 मध्ये 1.4, या जानेवारीतही 1.4. नंतर 9 जूनला एकदम 2.6, 23 जूनला 2.1, ऑगस्टमध्ये 1.8. चार वर्षं जवळपास सपाट असलेली रेघ सहा महिन्यांत अशी उभी चढते आणि पुन्हा उतरू लागते, तेव्हा मधे काहीतरी घडलेलं असतं. ते आईच्या कॅलेंडरवर सापडलं. मेअखेरच्या चौकोनांत ‘गुडघा, गोळी’ असं सलग नऊ दिवस, आणि 4 जूनला ‘जुलाब’.

ती गोळी डायक्लोफेनॅकची होती. बाबांची बीपीची गोळी म्हणजे टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र. ही तिन्ही सोबत घेतली की किडनीच्या गाळण्यांमधला दाब घसरतो, आणि जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल तर फारच. आई, तू गोळी दिलीस म्हणून हे झालं असं मनातसुद्धा आणू नकोस. दुखत होतं म्हणून दिलीस, आणि हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

पत्रात मी हे असं लिहिलंय:

‘माझं वय 68, मधुमेह 14 वर्षं. लघवीतलं अल्ब्युमिन 2023 मध्ये 180 होतं, आता 420. सोनोग्राफीत किडन्या 9.9 आणि 9.7 सेंटिमीटर. जूनमध्ये वेदनाशामक गोळ्या आणि जुलाब यानंतर क्रिएटिनिन 2.6 झालं, आता 1.8 आहे. ईजीएफआर तेव्हा 26 दाखवला होता, आता 40. फिस्टुलाचा सल्ला 26 वर मिळाला. माझा प्रश्न एवढाच: जूनची घसरण तात्पुरती इजा होती की कायमची, आणि फिस्टुला आत्ता हवा का?’

ईजीएफआर म्हणजे किडनी किती गाळते याचा क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज. क्रिएटिनिन झपाट्याने बदलत असताना त्याचं सूत्र फसतं, म्हणून तो 26 एकटा वाचायचा नसतो. पण बाबा, खोटी आशाही देत नाही. अल्ब्युमिन जूनच्या आधीच वाढलेलं होतं, म्हणजे मधुमेहाचा त्रास किडनीला आहेच. मधुमेहात किडनी खराब होऊनही आकार टिकू शकतो, त्यामुळे सोनोग्राफी चांगली आहे एवढ्याने निश्चिंत होता येत नाही. 1.8 वरून पुन्हा 1.4 होईल की नाही, हे पुढच्या दोन-तीन तपासण्याच सांगतील. जूनच्या इजेतलं काय कायम राहिलं हे ठरवायला साधारण तीन महिने जावे लागतात.

तुमची दुपारची झोप मोडणार नाही, मुद्दाम सकाळची वेळ घेतली. गाडी दारापर्यंत येईल, जिना नाही, आणि पाठीमागे ठेवायची तुमची छोटी उशी मी घेऊन येते.

आता ऐका. गुडघा दुखला तर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन काही नाही. मला फोन करायचा. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. जुलाब-उलट्या झाल्याच तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं की ती थोडे दिवस थांबवू का. डाव्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, सुई-सलाइनही नाही. पुढेमागे फिस्टुला लागलाच तर त्या शिरा शाबूत हव्यात. आई, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भर, संपलेलीसुद्धा, आणि ती झाडपाल्याची पावडरही लपवू नकोस. कॅलेंडरचं मे-जूनचं पान फाडू नकोस, अख्खं कॅलेंडरच आण.

गुरुवारी सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत घ्यायची आहे. डबी मी बुधवारी रात्री घेऊन येते, आणि रात्री तुमच्याकडेच झोपते.

तुमची,
ताई