संक्रांतीच्या आधी पोहोचावे म्हणून लिहिलेले पत्र

मिरज,
8 जानेवारी

चि. समीर यास आईचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर मी जे बोलले त्यातले अर्धे बोलायला नको होते, आणि तू मधेच फोन ठेवलास तेही बरोबर नव्हते. पण ते असू दे. कागदावर मला नीट सांगता येते म्हणून लिहायला बसले आहे. तुझ्या दुकानाचा करार 31 मार्चला संपतो, मालक अठरा हजारांचे सव्वीस हजार मागतात, अनामत एक लाखाची दोन लाख करा म्हणतात, आणि पुढचा करार अकराच महिन्यांचा हवा म्हणतात. याहून मला काळजी वाटली ती तुझ्या शेवटच्या वाक्याची. संक्रांतीला तिळगुळाला या, भाड्याचेही तेव्हाच बोलून टाकू, असे ते म्हणाले आणि तू हो म्हणालास.

समीर, तिळगुळाला जरूर जा. रेवतीलाही ने, काकूंना वाण दे. पण भाड्याचा विषय निघाला की एवढेच म्हण, "काका, आजच्या दिवशी हिशेबाचे नको, रविवारी दुपारी दुकानात बसून निवांत बोलू." त्यांच्या घरी, त्यांच्या सोफ्यावर, हातात काकूंनी दिलेली वाटी असताना तुझ्या तोंडून "बरं" निघून जाईल ही मला भीती आहे. तू त्यांना काका म्हणतोस, ते तुला बाळा म्हणतात. भीड भिकेची बहीण, हे तुझी आजी उठता-बसता म्हणत असे.

आता हिशेब. तू फोनवर सांगितलेले आकडे मी लिहून घेतले होते. महिन्याची विक्री सरासरी 2,10,000, माल आणि झेरॉक्सचा कागद मिळून 1,50,000, म्हणजे हातात 60,000. त्यातून भाडे 18,000, दुकानात कामाला असलेल्या मुलाचा पगार 11,000, मशीनचा हप्ता 4,300, वीज 3,200 गेली की 23,500 उरतात. भाडे सव्वीस झाले तर साडेपंधराच उरतील. ते आठ हजार भरून काढायचे असतील तर दर महिन्याला 28,000 रुपयांची विक्री वाढली पाहिजे, म्हणजे दुकान उघडे असेल त्या प्रत्येक दिवशी हजार रुपयांहून जास्त. कॉलेजला सुट्टी असते त्या महिन्यांत ती कुठून येणार? म्हणून "बघू, जमवू" असे मनात म्हणू नकोस.

दुसरा हिशेब आहे दुकान सोडून जाण्याचा, आणि तो तू अजून केलेला नाहीस. दोन गल्ल्या आत एक गाळा 19,000 ला मिळतो म्हणालास. रॅक पुन्हा बसवणे, बोर्ड, वायरिंग, मशीन हलवणे, शॉप अ‍ॅक्टवरचा पत्ता बदलणे यांना मिळून पासष्ट हजार लागतील असे धरू. गिऱ्हाइकाला नवी जागा कळेपर्यंत चार महिने विक्री एक तृतीयांशाने कमी होईल असेही धरू, म्हणजे हातात येणाऱ्यातले महिना वीस हजारांप्रमाणे ऐंशी हजार गेले. एकूण 1,45,000. हे छत्तीस महिन्यांवर पसरले तर महिन्याला साधारण चार हजार पडतात. म्हणजे आतल्या गल्लीतला गाळा कागदावर एकोणीस हजारांचा असला तरी तुला तो तेवीस हजारांना पडेल. हाच तुझा शेवटचा आकडा. तीन वर्षांची सरासरी तेवीसच्या वर जात असेल तर नमस्कार करून उठायचे, आणि खाली असेल तर रागाने दुकान सोडायचे नाही. तो आकडा घरून निघण्यापूर्वी वहीत लिही आणि रेवतीला दाखव. तो मालकांना कळता कामा नये, पण तिला माहीत असला पाहिजे, कारण ऐन वेळी आपण आपल्यालाच फसवतो.

मी पुन्हा शाळेसारखे शिकवू लागले. राग मानू नकोस. झेरॉक्सचे मशीन तू घरच्या कुणाकडून पैसे न घेता हप्त्यावर घेतलेस हे मी इथे सगळ्यांना सांगत असते, ते तुला कदाचित ठाऊक नसेल.

मालक म्हणतात की या रस्त्यावर एकशे ऐंशी रुपये फुटाचा भाव आहे. तुझा गाळा 140 फुटांचा, सव्वीस हजार म्हणजे फुटाला जवळजवळ 186 रुपये. पण तूच सांगितलेस की एकशे ऐंशीने गेलेला गाळा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा आहे. त्याला दोन बाजूंनी तोंड आहे. तुझ्या ओळीतला शिंपी 160 फुटांना 22,400 देतो, म्हणजे फुटाला 140. त्या हिशेबाने तुझे 19,600 होतात. शिंप्याचे ऐकीव धरू नकोस. करार नोंदवलेला असेल तर त्याच्या सूची क्रमांक दोनमध्ये भाडे आणि अनामत दोन्ही दिसतात. करार नोंदवून देणारा एजंट ती काढून देईल. तो कागद समोर असला की मालकांना खोटे पाडावे लागत नाही, "काका, माझ्यासारख्या गाळ्याचा भाव हा आहे" एवढे म्हटले की पुरते.

सुरुवात 19,500 पासून कर. मग 20,200, आणि मग 20,500 वर थांब, दर वर्षी पाच टक्के वाढ कबूल करून. म्हणजे दुसऱ्या वर्षी 21,525 आणि तिसऱ्या वर्षी 22,601, सरासरी साडेएकवीसच्या आसपास. प्रत्येक पाऊल आधीच्याहून लहान हवे, म्हणजे आता फार काही उरले नाही हे त्यांना न सांगता कळते. आणि वाढ फुकट देऊ नकोस. वर चढायचे तर त्याबदली छत्तीस महिन्यांची मुदत माग.

मुदतीचे नीट ऐक. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही असे लोक सांगतात. महाराष्ट्रात ते खरे नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंद नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरले जाते. हे धमकी म्हणून बोलायचे नाही. तुला अकरा महिने नकोत ते वेगळ्या कारणाने. पुढच्या फेब्रुवारीत तू पुन्हा त्याच खुर्चीत बसशील, तेव्हा जाहिरातीचा बोर्ड, नवे काउंटर सगळे तुझ्या पैशांचे तिथे अडकलेले असेल.

त्यांची बाजूही मांडून पाहिली आहे. तू गेलास आणि गाळा दोन महिने रिकामा राहिला तर त्यांचे 41,000 गेले, दलालाला एक महिन्याचे सव्वीस हजार, रंग आणि शटर दहा हजार, एकूण 77,000. तुझ्या साडेवीसपेक्षा साडेपाच हजार जास्त देणारा भाडेकरू मिळाला तरी हे भरून यायला चौदा महिने लागतील, आणि करार ते अकराच महिन्यांचा मागतात. हे तोंडावर सांगितलेस तर ते दुखावतील. तुझा आवाज कापू नये म्हणून फक्त तुझ्या मनात असू दे.

त्यापेक्षा त्यांना पैसे आत्ता का हवेत ते विचार. मुलाची इंजिनिअरिंगची फी जूनमध्ये भरायची आहे असे तूच म्हणाला होतास. मग त्यांची अडचण कदाचित दरमहाची नाही, एकरकमी रकमेची आहे. अनामत पन्नास हजारांनी वाढवून दीड लाख दिलीस तर वर्षाला आठ टक्क्यांनी चार हजार व्याज बुडेल, म्हणजे महिन्याला साडेतीनशे रुपयेसुद्धा नाहीत. भाड्यातल्या हजार रुपयांपेक्षा ते स्वस्त आहे. धोका एवढाच की सोडताना ती परत मिळायला हवी, म्हणून चेकने दे आणि किती दिवसांत परत ते करारात लिहून घे. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च मी करतो म्हण. छत्तीस महिन्यांचे एकूण भाडे, अधिक अनामतीवर वर्षाला दहा टक्के, यावर पाव टक्का म्हणजे सुमारे दोन हजार, आणि नोंदणीचे एक हजार. तीन हजारांत त्यांना मान दिल्यासारखे होते.

छत्तीस महिने त्यांनी उठवायचे नाही आणि तुला मात्र दोन महिन्यांची नोटीस देऊन जाता यावे, ही अट सोडू नकोस. एजंट घरी येऊन अंगठा घेतो. मसुदा आदल्या दिवशी मागवून वाचल्याशिवाय अंगठा ठेवायचा नाही, कारण तोंडी ठरलेले मसुद्यात निसटते. आणि हे सगळे फेब्रुवारीत संपव. आत्ता तू हललास तर सुट्टीच्या महिन्यांत हलशील आणि रिकामा गाळा त्यांना नडेल. बोलणी लांबून जून उजाडला की वह्यांचा माल भरलेला असताना तुला कुठे जाता येणार नाही, आणि हे त्यांनाही कळते.

तरी मला पुन्हा तेच वाटते आहे. तू संक्रांतीलाच हो म्हणशील.

ह्यांचे तसेच झाले होते. दसऱ्याच्या सकाळी ह्यांनी आपट्याची पाने मालकांच्या हातात ठेवली, मालकांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "दिवाळीपासून सातशेचे बाराशे करू, काय?" ह्यांच्या बोटांत अजून दोन पाने होती. हे म्हणाले, "बरं." मी दारात चपला घालून उभी होते, आणि महिन्याला तीनशेपेक्षा जास्त वाढ झेपणार नाही हे मला ठाऊक होते, कारण चोपडी मीच लिहीत असे. मी काही बोलले नाही. दोन वर्षांनी दुकान बंद झाले आणि ताईचे नर्सिंग राहिले. मालक वाईट नव्हते. आम्हीच हिशेब घरी ठेवून गेलो होतो.

म्हणून काल तुझ्यावर ओरडले. तुला जमणार नाही असे मला म्हणायचे नव्हते.

रविवारी बोलणे झाले आणि ते म्हणाले की आत्ताच सांग, तरी "रेवतीशी बोलून परवा कळवतो" म्हणून उठ. परवाच कळव, त्यापेक्षा उशीर नको.

ह्यांनी हे पत्र वाचले. काही बोलले नाहीत. स्टुलावर चढून माळ्यावरून ती लाल चोपडी काढली आणि धोतराच्या सोग्याने पुसून माझ्यापुढे ठेवली. कुरिअरच्या पाकिटात तिळाच्या वड्यांखाली ती ठेवली आहे. शेवटची चार पाने पाहा, भाड्याच्या ओळी ह्यांच्या अक्षरात आहेत.

तुझी,
आई