काळं पातेलं आणि मळकट सिंक

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घासून घासून तुझं मनगट दुखतंय म्हणालीस. आतला काळेपणा घासून जायचा नाही. ती काजळी नव्हे, धातूवरच धरलेला थर आहे. नुसतं पाणी वारंवार उकळलं की तो धरतो, आणि बाबा, तुमच्या त्या धुण्याच्या सोड्याने तर आणखी गडद होतो. सोडा या भांड्याला लावूच नका.

त्याला आंबट लागतं. काळ्या रेघेच्या वर येईल इतकं पाणी भरा. कमी भरलंत तर पाण्याच्या पातळीवर कडं उमटतं. लिटरमागे एक चमचा लिंबूसत्व किंवा दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला आणि मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळा. तळ राखाडी-पांढरा दिसायला लागला की गॅस बंद करून पाणी ओतून द्या. रात्रभर तसंच ठेवलं तर धातूला बारीक खड्डे पडतात. आरशासारखी चकाकी येणार नाही, पण रंग सगळीकडे एकसारखा येईल. बाहेरची काजळी मात्र आंबटाला दाद देत नाही. तिथे साबण आणि बारीक तारेची घासणीच हवी. गडद राखाडी, टणक मुलाम्याच्या भांड्यांना यातलं काहीच करू नका.

आता सिंक. बाबा, तुम्हाला ज्या करड्या रेघा ओरखडे वाटतात, त्यांवरून नख फिरवून बघा. नख अडकलं नाही, तर ते बहुतेक पातेल्याचं अ‍ॅल्युमिनियम आहे. मऊ धातू स्टीलवर पेन्सिलीसारखा उमटतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं दहा मिनिटं त्यावर पसरून ठेवा, मग चोळा. क्षारांचा पांढुरका थरही त्यातच सुटेल. नंतर भरपूर पाण्याने धुऊन कोरडं पुसा.

एवढं करूनही मंद दिसलं, तर खरे आडवे-तिडवे ओरखडे उरलेत. सिंकवर उजेड तिरपा पाडा, बारीक रेषा कुठल्या दिशेला धावतात ते दिसेल. बारीक नायलॉनची ओली घासणी त्याच दिशेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब हाताने चालवा. गोल फिरवली की तिथे ढगासारखा डाग दिसतो. नुसत्या ओरखड्यापुरतं घासलंत तरी तेवढाच पट्टा वेगळा दिसेल, म्हणून पूर्ण बाजू घ्यायची. आधी कोपऱ्यात करून बघा. तारेची घासणी मात्र इथे नको: तिचे कण अडकून गंजतात आणि सिंकच गंजल्यासारखं दिसतं. ब्लीचही नको, त्याने स्टीलला टोचे पडतात. खोल ओरखडा असेल तर राहू द्या, तो घरी निघायचा नाही.

पातेलं सिंकमध्ये ओढत नेऊ नका, खाली रबरी जाळी टाका. नाहीतर त्या करड्या रेघा पुन्हा येतील.

तुमची लेक