नाव दोघांचंही पुकारायचं असतं

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात हे मला गेल्या आठवड्यात आमच्या वकीलसाहेबांकडून कळलं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या त्या दाराशी नावं पुकारायला आता दुसरा पट्टेवाला उभा असेल. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. पण हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत ते चारचौघांत सांगावंसं वाटतं.

तुम्हाला आम्ही आठवत असू की नाही, कोण जाणे. हिरव्या लुगड्यातली माझी आजी, आई, बारावीतला धाकटा भाऊ आणि मी. माझे वडील दूध घालायचे. डिसेंबर 2018 मध्ये पहाटे पाचच्या सुमाराला मोटारसायकलला कॅन अडकवून ते शेतरस्त्याने हायवेला लागले आणि ट्रकने उडवले गेले. वय 47. आम्ही मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली भरपाईचा अर्ज केला. सामनेवाले तीन होते : ट्रकचा मालक, विमा कंपनी आणि ड्रायव्हर.

पहिल्याच तारखेला आईने तुमच्या हातात दोनशे रुपये ठेवले होते, आमचं प्रकरण लवकर पुकारावं म्हणून. तुम्ही ते तिच्या पिशवीत परत घातलेत आणि भिंतीवरचा बोर्ड दाखवलात. "वहिनी, इथे नंबरानेच जातं. तुमचा एकोणिसावा आहे, दुपार होईल. आजींना बसायला मी खुर्ची देतो." आणि खरंच आतून खुर्ची आणून दिलीत. मला तेव्हा ते बरं वाटलं, पण त्यात काही विशेष आहे असं वाटलं नव्हतं. तुमचा राग आला तो पुढे.

ड्रायव्हर कुठल्याच तारखेला आला नव्हता. त्याच्या गावी गेलेली नोटीस एकदा "पत्त्यावर मिळून आला नाही" म्हणून परत आली, मग पुन्हा काढली गेली. पुढे एका तारखेला मात्र बेलिफाचा अहवाल आला होता : नोटीस त्याच्याच हातात दिली, सही घेतली. सकाळी अकराला तुम्ही त्याचं नाव तीनदा पुकारलंत. कुणी आलं नाही. आमच्या वकिलांनी त्याच्याविरुद्ध एकतर्फा हुकूम मागितला. न्यायाधीश साहेब म्हणाले, दुपारी पुन्हा पुकारा, मग बघू. आम्हाला हायसं वाटलं होतं. तो आला नाही तर त्याची बाजू मांडणारं कुणी नाही, एवढंच आम्हाला कळत होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी पाण्याची बाटली भरायला खाली गेले, तर तुम्ही कँटीनमध्ये, झेरॉक्सवाल्याकडे, मग गेटजवळच्या कडुलिंबाखाली विचारत फिरत होतात, "ट्रकच्या केसमध्ये कुणी आलंय का?" कडुलिंबाखाली एक माणूस उठला. पांढरी विजार, हातात कॅरीबॅग, कॅरीबॅगेत नोटीस. सकाळपासून तो खालच्या मजल्यावरच्या दुसऱ्या कोर्टासमोर बसला होता. तिथे त्याचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून आपलं काम झालं असं समजून एसटीची वेळ होईपर्यंत थांबला होता.

तुम्ही त्याला वर घेऊन आलात. मी जिन्यात तुम्हाला अडवलं. काय बोलले ते आज आठवून वाईट वाटतं. "याच माणसाने माझे वडील मारले आणि तुम्ही याला हाताला धरून आणता?" तुम्ही माझ्यावर ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, "ताई, नाव दोघांचंही पुकारायचं असतं."

नंतर, चार वाजता, तुम्ही स्वतःहून आमच्या बाकाशी आलात आणि एक जुनी केस सांगितलीत. तीत बेलिफाने नोटीस दाराला चिकटवली होती, पण त्या घरातून सामनेवाला केव्हाच दुसरीकडे राहायला गेला होता. पंचांच्या सह्या होत्या, घर मात्र रिकामं. निकाल एकतर्फा लागला आणि म्हातारी अर्जदार पेढे वाटून गेली. पुढे वसुली निघाली तेव्हा सामनेवाला आला, नोटीस मिळालीच नव्हती हे त्याने दाखवून दिलं आणि निकाल रद्द झाला. प्रकरण पुन्हा पहिल्या पानापासून. तोवर पाहणारा साक्षीदार वारला होता. "ती बाई पुन्हा याच दाराशी आली, तेव्हा तिचं नाव पुकारताना माझा आवाज निघेना," असं म्हणालात तुम्ही. नोटिशीच्या मागच्या बाजूचा अहवाल नेहमी वाचावा, कुणाला दिली, कुठे दिली, सही कुणाची, हे मी तुमच्याकडून शिकले. आमच्या फाइलमधला तो कागद त्याच दिवशी मी पहिल्यांदा उलटून पाहिला.

ड्रायव्हरला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाला. उशीर माफ करून घेऊन त्याने कैफियत दाखल केली आणि पुढे काही महिन्यांनी तो साक्षीला उभा राहिला. दाराजवळ तुम्ही होतात, म्हणून तो दिवस मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पण आम्ही तो बाकावरून कसा ऐकला, ते तुम्हाला ठाऊक नसेल.

तो म्हणाला, धुकं होतं आणि मोटारसायकलचा हेडलाइट बंद होता.

काका, तो हेडलाइट दिवाळीपासून बंद होता. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. बाबा म्हणायचे, दुधाचा हप्ता आला की बसवतो. आम्ही हे आमच्या वकिलांनाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नाही आणि आम्ही बोललो नाही. पंचनाम्यात गाडीचा पुढचा भाग चेपल्याचं लिहिलं होतं, दिव्याचं काहीच नव्हतं. तो बोलला तेव्हा भावाने मान खाली घातली, आजीने डोळे मिटले.

मग आमच्या वकिलांनी उलटतपास घेतला. पंचनाम्यात ब्रेकच्या खुणा बावीस फूट होत्या. गावाची हद्द सुरू झाल्याची पाटी मागे गेली होती, तरी वेग कमी केला नव्हता, हे त्याने दोन प्रश्नांत कबूल केलं. "साठ-पासष्टला होतो, धुक्यात एवढा नको होता," असं तो स्वतःच म्हणाला. कुणी त्याच्या तोंडून ते ओढून काढलं नाही.

शेवटी तो म्हणाला की उतरून तो बाबांजवळ बसला, त्यांना पाणी पाजलं आणि मागून आलेल्या टेम्पोत घातलं. बाबा शुद्धीवर होते. त्यांनी विचारलं, "दूध सांडलं का?"

विमा कंपनीचे वकील उभे राहिले, याचा मुद्द्याशी संबंध नाही म्हणाले. साहेबांनी एक क्षण विचार केला आणि लघुलेखकाला सांगितलं, लिहून घ्या. तीन वर्षं आम्ही बाबांचे शेवटचे शब्द कोणते असतील याची कल्पना करत होतो. ते आम्हाला त्या माणसाकडून कळले, ज्याच्या गैरहजेरीसाठी आम्ही आधी एकदा देवाला हात जोडले होते. बाहेर आल्यावर तो तुम्हाला म्हणाला, "अपघातापासून पोलिसांनी विचारलं, मालकाने विचारलं, पण पूर्ण बोलू कुणी दिलं नव्हतं." मी पाठीमागेच उभी होते.

निकाल 2023 मध्ये आला. बाबांचं उत्पन्न आम्ही महिना पंधरा हजार सांगितलं होतं. डेअरीच्या पावत्यांवरून दहा हजार धरलं गेलं. त्यांच्या वयाला पुढच्या वाढीचे पंचवीस टक्के मिळवले, म्हणजे साडेबारा हजार. अवलंबून असणारे आम्ही चौघं, म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा. उरले 9,375. वर्षाचे 1,12,500. त्या वयाचा गुणक तेरा, म्हणून 14,62,500. हे सगळं निकालपत्रात ओळीने मांडलेलं होतं. वयाचा गुणक सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालातला आणि वाढीची टक्केवारी 2017 च्या, तेही लिहिलेलं होतं. आणि मग पुढचा परिच्छेद : बंद दिव्याबद्दल बाबांची वीस टक्के चूक. म्हणून 11,70,000, शिवाय अंत्यविधी वगैरेंची रक्कम आणि अर्जाच्या तारखेपासूनचं व्याज.

वकील म्हणाले, नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येईल, वीस टक्क्यांवर लढू. मी आणि भाऊ तयार होतो. जवळजवळ तीन लाखांचा प्रश्न होता आणि आमच्या घरात तीन लाख ही थोडी रक्कम नाही. आई नाही म्हणाली. थकली म्हणून नव्हे. तिने निकालपत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं. ती म्हणाली, "आपण सांगितलेलं सगळं यात आलंय. त्याने सांगितलेलंही आलंय. काय धरलं, काय सोडलं आणि का, ते लिहिलंय. दिवा बंद होता, बाळा." मी तेव्हा तिच्याशी भांडले. अजूनही मला वाटतं की दहा हजार उत्पन्न कमी धरलं, आणि ते मी कुणालाही सांगेन. पण वीस टक्के चुकीचे होते असं मी म्हणू शकत नाही, कारण ते ज्या साक्षीवरून आले ती मी स्वतः ऐकली.

आमच्या शेजारच्या बाकावर त्या वर्षांत एक आजोबा असायचे, तुम्हाला नक्की आठवतील, मुलाच्या पायाच्या अपंगत्वाचं प्रकरण होतं. त्यांचा अर्ज फेटाळला गेला. ते संध्याकाळी नकलेसाठी रांगेत उभे होते. मी विचारलं, हरलात तरी नक्कल कशाला? ते म्हणाले, "माझ्या डॉक्टरच्या दाखल्याबद्दल दीड पान लिहिलंय. कुणीतरी वाचला म्हणायचा." तुम्ही त्यांचा अर्ज भरून दिला होतात.

काका, मला तुमचे आभार नेमके कशाचे मानायचे आहेत ते सांगते. तुम्ही आम्हाला जिंकून दिलं नाहीत. तुमच्यामुळे आमचे पैसे कमी झाले, असंही कुणी म्हणेल. तुम्ही जेवणाची सुट्टी सोडून एक माणूस शोधलात, जो तुम्हाला काही देणार नव्हता, आणि ज्याच्यासाठी मी तुम्हाला जिन्यात नको ते बोलले. आज पतसंस्थेत वसुलीच्या नोटिसा माझ्या टेबलावरून जातात. परत आलेलं पाकीट मी पुन्हा पत्ता तपासल्याशिवाय फाइलला लावत नाही.

रक्कम मिळाल्यावर आईने मला दोन नकला काढायला सांगितल्या. एक निकालाची. ती बँकेच्या कागदांबरोबर लोखंडी पेटीत आहे. दुसरी ड्रायव्हरच्या साक्षीची. ती बाबांच्या फोटोमागे आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून वर्षश्राद्धाला मी तिला त्यातलं तिसरं पान वाचून दाखवते.

आमच्या गावी एकदा या. आई वाट बघते आहे.

तुमची,
एकोणिसाव्या नंबरातली अर्जदार क्रमांक दोन