पट्टकृमीच्या अहवालात कृमीची जात लिहिली जावी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : ‘टीनियाची अंडी आढळली’ एवढ्यावर थांबणारे शौचतपासणीचे अहवाल

महोदय,

मी वैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्र शिकवते. शौचाच्या तपासणीचा अहवाल येतो, त्यावर ‘टीनियाची अंडी आढळली’ असं लिहिलेलं असतं. डॉक्टर गोळी लिहून देतात आणि प्रकरण तिथेच मिटतं. टीनिया म्हणजे आतड्यात राहणारा पट्टकृमी, आणि या एका ओळीमागे त्याच्या दोन वेगळ्या जाती असू शकतात. त्यातला एक फारसं नुकसान करत नाही. दुसरा त्याच घरातल्या एखाद्याच्या मेंदूत जाऊन बसू शकतो. आपल्या अहवालांत हा फरक उतरत नाही, म्हणून हे पत्र.

टीनिया सॅजिनाटा गोवंशातून किंवा म्हशीच्या मांसातून माणसात येतो, टीनिया सोलियम डुकराच्या मांसातून. मांस कच्चं राहिलं तर त्यातली पुटी, म्हणजे कृमीच्या अळीची बारीक पिशवी, आतड्यात पोहोचते, तिच्यातून कृमीचं डोकं बाहेर येतं आणि आतड्याच्या भिंतीला चिकटतं. या डोक्याला आम्ही स्कोलेक्स म्हणतो. ते टाचणीच्या टोकाएवढं असतं, पण दोन्ही कृमी ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण तिथेच असते. दोघांनाही चार चूषक असतात. सोलियमच्या डोक्यावर त्याशिवाय रोस्टेलम नावाचा उंचवटा असतो आणि त्याभोवती साधारण 22 ते 32 आकड्यांची दुहेरी रांग असते. सॅजिनाटाला ना रोस्टेलम असतं, ना आकडे. तो नुसत्या चूषकांच्या जोरावर टिकतो आणि तरीही बहुधा सोलियमपेक्षा लांब वाढतो.

अडचण अशी की डोकं हाती लागतच नाही. ते आतड्यात रुतलेलं असतं आणि औषधानंतर बऱ्याचदा विरघळून जातं. तपासणीला येतात ती अंडी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जातींची अंडी हुबेहूब सारखी दिसतात. कितीही अनुभवी तंत्रज्ञ असला तरी नुसत्या अंड्यावरून त्याला जात सांगता येणार नाही. त्यामुळे अहवालात जात नसते यात त्याचा दोष नाही. दोष आहे तो पुढची पायरी कुणी ठरवून न दिल्याचा.

ती पायरी अवघड नाही. कृमीचे पक्व खंड शौचातून पडतात. असा एक खंड दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून उजेडासमोर धरला, किंवा त्यात बारीक सुईने शाई भरली, की गर्भाशयाच्या मधल्या नळीतून दोन्ही बाजूंना फुटलेल्या फांद्या दिसतात. एका बाजूच्या फांद्या मोजायच्या. 7 ते 13 भरल्या तर सोलियम, 15 किंवा त्याहून जास्त भरल्या तर बहुधा सॅजिनाटा. हे काम हातमोजे घालूनच करायचं, कारण सोलियमच्या एका खंडात सुमारे 50,000 अंडी असू शकतात.

इथेच एक फसवी गोष्ट आहे. सॅजिनाटाचे खंड स्वतः हालचाल करतात, गुदद्वारातून सरपटत बाहेर येतात. कपड्यांत वळवळणारा तुकडा दिसला की माणूस घाबरून दवाखाना गाठतो. सोलियमचे खंड शौचाबरोबर निमूट पडतात. पोट दुखत नाही, वजन घटत नाही, कुणाचं लक्षही जात नाही. म्हणजे कमी धोक्याचा कृमी स्वतःहून समोर येतो आणि घातक कृमी वर्षानुवर्षं आतड्यात राहतो. रुग्ण स्वतः येईल म्हणून वाट पाहणारी व्यवस्था सोलियम शोधायला उपयोगी पडत नाही.

तो घातक का, ते सांगते. सॅजिनाटाची अंडी माणसाच्या पोटात गेली तर पुटी तयार होत नाहीत. त्यांना त्यासाठी जनावरच लागतं. सोलियमच्या अंड्यांना मात्र डुकराच्या जागी माणूसही चालतो. अंडं पोटात फुटतं, सहा आकड्यांचा भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि स्नायू, डोळा, मेंदू यांत जाऊन पुटी बनतो. हाच सिस्टिसर्कोसिस. मेंदूतली जिवंत पुटी शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवून कित्येक वर्षं गप्प राहू शकते. ती मरू लागते तेव्हा भोवती सूज येते आणि रुग्णाला पहिली फिट येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हा कृमी जिथे रुजलेला आहे तिथल्या अपस्माराच्या साधारण 30 टक्के रुग्णांच्या मुळाशी हा आजार असतो.

मांस खाऊन होतो तो पट्टकृमी. मेंदूतला आजार होतो तो अंडी पोटात गेल्याने, म्हणजे कृमी बाळगणाऱ्या माणसाच्या न धुतलेल्या हातांतून, मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून, कच्च्या भाजीतून. ‘आम्ही अंडंसुद्धा खात नाही, मग हे आमच्या मुलीला कसं?’ असं आईवडील विचारतात, तेव्हा उत्तर हेच असतं. न्यूयॉर्कमध्ये चार सनातनी ज्यू कुटुंबांत हा मेंदूचा आजार आढळला होता. 1992 साली त्याची नोंद प्रसिद्ध झाली. या घरांत डुकराचं मांस धर्मानेच वर्ज्य. माग काढल्यावर संशय घरकामाला असलेल्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या व्यक्तींवर गेला आणि त्यांतल्या एकीच्या आतड्यात टीनिया सापडला. तिला दोष द्यायचं कारण नाही. आपल्या पोटात काय आहे हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता. पण त्या रुग्णांचे फक्त मेंदूचे स्कॅन पाहून तपास थांबला असता, तर त्या घरांत अंडी जातच राहिली असती.

आपल्याकडे तपास नेमका तिथेच थांबतो. मुलाला फिट येते, स्कॅनमध्ये कड्यासारखी गाठ दिसते, ती क्षयाची की कृमीची यावर चर्चा होते, उपचार सुरू होतात. घरातल्या इतरांचं शौच तपासावं असं क्वचितच कुणी सुचवतं.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि नेमक्या आहेत. टीनियाची अंडी सापडली की जात ठरेपर्यंत तो सोलियमच आहे असं धरून चालावं आणि रुग्णाकडून खंड मागवावा, अशी सूचना प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेला लेखी जावी. उपचारानंतर एका आणि तीन महिन्यांनी शौच पुन्हा तपासावं. मेंदूत या कृमीची पुटी आढळलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरातल्या सर्वांची आणि घरात स्वयंपाक करणाऱ्यांची तपासणी व्हावी. एका नमुन्यात अंडी दिसली नाहीत म्हणजे कृमी नाही असं होत नाही, त्यामुळे किमान तीन नमुने घ्यावेत.

शाळांतून दिली जाणारी अल्बेंडाझोलची एक गोळी गोल जंतांसाठी आहे. पट्टकृमीसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. पण म्हणून पट्टकृमीवरच्या प्राझिक्वांटेलच्या गोळ्या सरसकट वाटण्याचा मोहही नको. ज्याच्या मेंदूत आधीच पुटी आहेत, त्याला ते औषध दिल्यावर पुटीभोवती सूज येऊन फिट येऊ शकते. वाटप करायचंच असेल तर आधी फिट आणि जुनाट डोकेदुखीबद्दल विचारून आणि नंतर लक्ष ठेवूनच करावं.

शेवटची गोष्ट आपल्या खात्याबाहेरची आहे, म्हणून ती पशुसंवर्धन मंत्र्यांपर्यंत आपणच पोहोचवावी. हागणदारीत मोकाट फिरणारं डुक्कर हा या साखळीतला मधला दुवा आहे. डुकरांसाठी टीएसओएल18 ही लस आहे आणि ती हैदराबादमध्येच तयार होते. तिच्या जोडीला ऑक्सफेंडाझोल हे कृमिनाशक औषध दिलं की डुकराच्या मांसात आधीपासून असलेल्या पुटीही मरतात. वराहपालन जास्त असलेल्या एका तालुक्यात दोन्ही खात्यांनी मिळून हे करून पाहावं : डुकरांना लस आणि औषध, त्याच वस्तीत माणसांची शौचतपासणी, आणि त्याच तालुक्यातल्या फिटच्या रुग्णांची नोंद. तालुका कोणता आणि काम कधी सुरू होणार, एवढं आपण जाहीर करावं ही विनंती.

आपली,
परजीवीशास्त्राची एक शिक्षिका