तेरजेतला बाराशेचा फरक

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत तू आठवडाभर दुकान सांभाळलंस आणि जुना माल बाजूला ठेवून सरावाची वेगळी वही लिहिलीस, ती काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचत बसलो. तेरजेत, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांच्या यादीत, दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात, पण नावेची बेरीज ३७,२०० आणि जमेची ३८,४०० आहे. खाली पेन्सिलीनं तू विचारलंस, "बँकेचा मेसेज म्हणतो १०,००० जमा, मग बाबा बँक नावे का लिहायला सांगतात?"

आधी त्याचंच सांगतो. आपण बोलताना 'जमा' म्हणजे पैसे आले असं म्हणतो. वहीत तसं नाही. वहीत जो देतो त्याची जमा आणि जो घेतो त्याच्या नावे. शुक्रवारी तू गल्ल्यातले १०,००० बँकेत भरलेस. पैसे घेणारी बँक, म्हणून आपल्या वहीत बँक नावे. गल्ल्यातून रोख गेली, म्हणून रोख जमा. बँक स्वतःची वही लिहिते, तिच्या लेखी देणारे आपण, म्हणून मेसेजमध्ये आपल्या खात्यावर जमा. वही कोणाची आहे हे अगोदर पाहायचं.

सोमवारी मी तुला २०,००० दिले. रोख आली म्हणून रोख नावे, आणि देणारा मालक म्हणून भांडवल जमा. मीच मालक, तरी दुकान वेगळं आणि मी वेगळा. मंगळवारी अमरावतीहून ठोक व्यापाऱ्याचा १२,००० चा माल उधारीवर आला, तेव्हा खरेदी नावे, व्यापारी जमा. त्या दिवशी गल्ल्यातला एक रुपया हलला नाही, तरी दोन ओळी पडल्या, कारण देणं उभं राहिलं. बुधवारची ४,५०० ची रोख विक्री आणि गुरुवारी काकांना दिलेला ९०० चा उधार किराणा तू बरोबर लिहिलास. काकांनी माल घेतला, म्हणून त्यांच्या नावे ९००, विक्री जमा.

शनिवारी आईनं घरासाठी ५०० चं तेल नेलं, ते तू विक्रीत धरलं नाहीस हे मला फार आवडलं. घरी नेलेला माल विकलेला नसतो. उचल नावे, आणि माल खरेदीच्या भावानं कमी झाला म्हणून खरेदी जमा.

आता फरक पाहू. १,२०० चा निम्मा ६००. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद वहीत सापडली, तर ती भलत्या बाजूला पडली असेल का, हे आधी तपासावं. शनिवारचं लाइट बिल ६०० चंच आहे. रोजच्या नोंदींच्या रोजकीर्दीत तू बरोबर लिहिलंस, पण खात्यावार खतावणीत उतरवताना वीजखर्च जमेला टाकलास. खर्च नेहमी नावे. तो तिकडे नेला की दोन्ही बेरजा ३७,८०० होतात.

तेरीज जुळली, तरी वही अजून चुकलेली आहे. रविवारी बाजाराच्या दिवशी काकांनी ४०० दिले. तू रोख नावे आणि विक्री जमा लिहिलीस. त्यांनी त्या दिवशी नवा माल घेतलाच नव्हता, जुनी उधारी फेडली होती. देणारे काका, म्हणून जमा काकांच्या खात्यावर पडायला हवी. दोन्ही बाजू सारख्याच पडल्या, म्हणून तेरजेला ही चूक दिसत नाही. गल्ला मोजलास तरी १४,३०० बरोबर निघतात. पण विक्री ५,४०० ऐवजी ५,८०० दिसते, आणि काकांकडे ५०० ऐवजी ९०० राहतात.

मी जिनिंगमध्ये मुनिमाच्या हाताखाली होतो, तेव्हा माझ्याकडून हीच चूक झाली होती. एका कास्तकाराला मी फेडलेले पैसे पुन्हा मागितले. तो काही बोलला नाही. बंडीच्या खिशातून घडी घालून घालून फाटायला आलेली पावती काढली आणि माझ्यासमोर वहीवर ठेवली. त्याचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून उधारीचे पैसे घेताना मी माणसाचं पान त्याच्यासमोर उघडतो, जमा लिहितो आणि बाकी मोठ्यानं वाचून दाखवतो. तूही तसंच कर.

दुरुस्तीसाठी खाडाखोड करू नकोस. आजच्या तारखेला विक्री नावे ४००, काका जमा ४००, आणि खाली कारण लिही. मग दोन्ही बेरजा ३७,४०० येतील. या बेरजेला आठवड्याचा नफा समजू नकोस. उरलेला माल मोजल्याशिवाय तो निघत नाही, आणि तो मी रविवारी मोजून कळवतो.

तुझ्या कॉलेजच्या पुस्तकात नावे डावीकडे असेल. आपल्या जुन्या देशी वहीत जमा डावीकडे असते. त्यामुळे माझी वही पाहताना बाजू पाहू नकोस, वरचा मथळा वाच.

काका काल येऊन गेले. कापसाचे चुकारे आले की उरलेले ५०० देतो म्हणाले. पुढच्या पानावर त्यांच्या नावे तेवढेच ओढ.

तुझे बाबा